उतरलेली बॅटरी आणि मोटारसायकल : ढकलावे केव्हा, जोडावे केव्हा

१९८०च्या दशकात इंदूरजवळच्या पिथमपूर येथील कारखान्यातून किनेटिक होंडा स्कूटर बाहेर पडू लागली, आणि अंगठ्याने बटण दाबून सुरू होणारे दुचाकी वाहन सामान्य कुटुंबाच्या अंगणात आले. त्या काळातील बहुतेक मोटारसायकली मात्र किक मारूनच सुरू होत. त्यांपैकी अनेकींना ठिणगीपुरती वीज इंजिनातील मॅग्नेटोकडूनच मिळत असल्याने बॅटरी मृतवत झाली तरी फारसे अडत नसे. दिवा मंद होई, हॉर्न घोगरा होई, पण गाडी चाले. किक लागलीच नाही, तर दोघांनी मागून ढकलावे आणि तिसऱ्याने क्लच सोडावा, हा उपाय शाळकरी मुलांनाही ठाऊक होता.

आजची मोटारसायकल याहून वेगळी आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात नव्या वाहनांना भारत स्टेज सहा ही प्रदूषणमर्यादा लागू झाली. ती पाळण्यासाठी बहुतेक मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला आणि त्याच्या जागी विजेवर चालणारी इंधन-इंजेक्शनची योजना आली. कित्येक गाड्यांतून किकही नाहीशी झाली. उपाय मात्र लोकांच्या स्मरणात जुनेच राहिले आहेत. जुना उपाय नव्या यंत्रावर योजल्यामुळे गाडी सुरू होण्याऐवजी तिच्यातील इलेक्ट्रॉनिक भाग जळून जाण्याचे प्रकार घडतात. बॅटरी उतरली असता काय करावे आणि विशेषतः काय करू नये, याची माहिती या लेखात एका उदाहरणाच्या आधारे दिली आहे.

एका सकाळचे उदाहरण

इंदूर-खंडवा मार्गावर सिमरोलच्या पुढे असलेल्या एखाद्या गावातील प्राथमिक शिक्षक आपल्या डोळ्यांसमोर आणू. त्यांच्याजवळ इंधन-इंजेक्शन असलेली १२५ सीसीची मोटारसायकल असून तिला किक नाही. घरच्या लग्नकार्यासाठी ते बावीस दिवस पुण्यास गेले होते. गाडी अंगणात उभी होती. चोरीच्या भयाने त्यांनी तिला जागा कळविणारे एक लहान यंत्र बाहेरून बसवून घेतले होते.

परत आल्यावर डिसेंबरातील थंड सकाळी त्यांनी किल्ली फिरविली. मीटर क्षीणपणे उजळले. बटण दाबताच सीटखालून "टक्-टक्-टक्" असा आवाज आला आणि मीटर विझले. शाळा आठ किलोमीटरवर, आणि ती उघडण्याची जबाबदारी त्यांचीच.

बॅटरी का उतरली, याचा हिशेब सोपा आहे. त्यांच्या बॅटरीची क्षमता ५ अँपिअर-तास होती, म्हणजे १ अँपिअर प्रवाह साधारण पाच तास पुरेल एवढी. मीटरमधील घड्याळ आणि बाहेरून बसविलेले यंत्र ही दोन्ही किल्ली बंद असतानाही मिळून १० मिलिअँपिअर प्रवाह घेत होती, असे धरू. हा प्रवाह अत्यल्प वाटतो. परंतु चोवीस तासांत तो ०.२४ अँपिअर-तास होतो आणि बावीस दिवसांत ५.२८. म्हणजे बॅटरीत होते तेवढे सर्व संपले. त्यात थंडीची भर पडली. इंदूर परिसरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान कित्येकदा १० अंशांखाली उतरते. अशा थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि इंजिनातील तेल घट्ट झाल्याने ते फिरविण्यास जोर मात्र अधिक लागतो.

दोष बॅटरीचाच आहे काय?

ढकलण्यापूर्वी दोन मिनिटे तपासणीत घालवावीत. बटण दाबताच दिवे मंदावून टक्-टक् असा आवाज येत असेल, तर बहुधा वीज अपुरी आहे. दिवे व हॉर्न जोरदार असूनही इंजिन मुळीच फिरत नसेल, तर उजव्या मुठीजवळचे इंजिन बंद करण्याचे बटण, बाजूचा स्टँड आणि क्लचचा खटका यांकडे पाहावे. स्टँड खाली असताना गिअरमध्ये इंजिन सुरू होऊ नये, अशी योजना नव्या गाड्यांत असते.

यानंतर सीट किंवा बाजूचे झाकण काढून बॅटरीची दोन टर्मिनले हलवून पाहावीत. स्क्रू सैल झालेला असणे किंवा टर्मिनलावर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर साचलेला असणे, ही फार वेळा आढळणारी कारणे होत. किल्ली बंद करून टर्मिनल घासून स्वच्छ केले आणि स्क्रू घट्ट आवळला, एवढ्यानेच अनेक गाड्या सुरू होतात.

जवळ मल्टिमीटर असल्यास काम अधिक सोपे. किल्ली बंद असताना पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखविते. १२ व्होल्टच्या खाली आकडा गेला, तर ती बरीचशी रिकामी समजावी. आपल्या शिक्षकांच्या बॅटरीचा आकडा १० च्याही खाली होता.

ढकलून सुरू करणे : कोणत्या गाडीला चालते?

ढकलण्याने होते एवढेच की, सेल्फच्या मोटारीचे काम मागचे चाक करते. चाक गिअरमार्फत इंजिन फिरविते. परंतु इंजेक्शनच्या गाडीत इंजिन फिरले म्हणजे ते पेटेलच, असे नाही. टाकीतील विजेच्या पंपाने पेट्रोल दाबाखाली आणले पाहिजे, इंजेक्टरने ते फवारले पाहिजे, ठिणगी पडली पाहिजे आणि या सर्वांचे नियमन करणारा लहानसा संगणक, ज्याला मिस्त्री ईसीयू म्हणतात, तो जागा राहिला पाहिजे. बॅटरीचा दाब साधारण ९ व्होल्टच्या खाली गेला की यांतील काही ना काही बंद पडते. इंजिन फिरू लागल्यावर मॅग्नेटो थोडी वीज देतो हे खरे, पण पूर्ण रिकामी बॅटरी तहानलेल्या जमिनीप्रमाणे ती वीज स्वतःच शोषून घेते आणि पंपाच्या वाट्यास फारसे काही उरत नाही.

यासाठी एक साधी कसोटी आहे. किल्ली फिरवावी आणि कान द्यावा. सीटखालून किंवा टाकीतून एक-दोन सेकंद "सूं" असा पंपाचा आवाज आला आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा स्पष्ट दिसला, तर ढकलून गाडी सुरू होण्याची आशा आहे. आवाज आला नाही, तर ढकलण्याचे श्रम बहुधा व्यर्थ जातील. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीस ही कसोटी लागू नाही. ज्या गाडीची ठिणगी मॅग्नेटोवर चालते, ती बॅटरी मृत असतानाही ढकलून सुरू होते.

आपोआप गिअर बदलणाऱ्या स्कूटरला मात्र हा उपाय मुळीच लागू पडत नाही. तिचा क्लच इंजिनाला वेग आल्यानंतरच पकडतो. त्यामुळे चाक कितीही फिरविले तरी त्याची गती इंजिनापर्यंत पोहोचत नाही. पिथमपूरची ती जुनी किनेटिक होंडाही याच प्रकारची होती.

ढकलण्याची रीत

जागा सपाट, मोकळी आणि रहदारीपासून दूर निवडावी. भेरूघाटासारख्या उतारावर इंजिन बंद ठेवून गाडी सोडणे सोपे वाटते, परंतु मागून मालमोटार येत असता बंद पडलेली, दिवा नसलेली गाडी वळणावर सावरणे कठीण होते. घाटात हा प्रयोग करू नये.

बाजूचा स्टँड वर घ्यावा, किल्ली चालू करावी, मुठीजवळचे बटण चालू स्थितीत आहे हे पाहावे आणि पंपाचा आवाज थांबेपर्यंत वाट पाहावी. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकावी. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा विरोध इतका असतो की चाक फिरण्याऐवजी अडकते आणि घासत जाते. क्लच पूर्ण दाबून गाडी दोन-तीन वेळा पुढे-मागे हलवावी, म्हणजे थंड तेलाने चिकटलेल्या क्लचच्या पट्ट्या सुट्या होतात.

आता चालक बसलेला असावा आणि एका-दोघांनी मागून ढकलावे. माणूस सावकाश धावतो एवढा वेग, म्हणजे ताशी ८ ते १० किलोमीटर, पुरेसा होतो. त्या वेगास पोहोचताच चालकाने आपले वजन मागे टाकून क्लच एकदम सोडावा. इंजिन धडधडले की लगेच क्लच पुन्हा दाबावा, थोडासा अॅक्सिलरेटर द्यावा आणि न्यूट्रलमध्ये यावे. ढकलणाऱ्यांनी मागच्या पकडीला धरावे, सायलेन्सरजवळ हात नेऊ नये आणि क्लच सोडण्याच्या क्षणी गाडी हिसका देईल हे ध्यानात ठेवावे.

दोन किंवा फार तर तीन प्रयत्नांत गाडी सुरू झाली नाही, तर थांबावे. याला कारण आहे. प्रत्येक प्रयत्नात न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या नळीत जाऊन साचू शकते. तेथे धूर शुद्ध करणारी जाळी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बसविलेली असते. नंतर इंजिन पेटले की साचलेले पेट्रोल त्या जाळीवर जळते, जाळी मर्यादेपलीकडे तापते आणि निकामी होते. काही उत्पादक आपल्या पुस्तिकेत ढकलून सुरू करण्यास मनाईच करतात. म्हणून आपल्या गाडीची पुस्तिका एकदा पाहून ठेवावी.

दुसऱ्या बॅटरीचा आधार घेणे

आपल्या शिक्षकांच्या गाडीत पंपाचा आवाज आला नाही. तेव्हा ढकलण्याचा विचार सोडून शेजारच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचा आधार घेणे योग्य ठरले. येथे पहिला प्रश्न दाबाचा. ट्रॅक्टर व मोटार यांची बॅटरी सामान्यतः १२ व्होल्टची असते आणि ती चालते. बहुतेक मालमोटारी व बसगाड्यांत मात्र दोन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. त्यांना मोटारसायकल जोडणे म्हणजे दुप्पट दाब देणे होय. त्यात मीटर, एलईडी दिवा आणि ईसीयू ही सर्व एका क्षणात जळू शकतात. दोन्ही बॅटऱ्यांवरील अंक वाचल्याशिवाय केबल हातात घेऊ नये.

"ट्रॅक्टरची बॅटरी मोठी, ती लहान गाडी जाळील," अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. विहीर मोठी असली तरी बादलीत बादलीपुरतेच पाणी येते, तसे सेल्फची मोटार आपल्याला हवा तेवढाच प्रवाह घेते. दाब समान असला की बॅटरीचा आकार मोठा असण्याने बिघाड होत नाही. ट्रॅक्टरचे इंजिन मात्र बंद ठेवावे. ते चालू असले तर त्याचा डायनामो अधिक दाबाने प्रवाह लोटतो, रिकामी लहान बॅटरी तो अनिर्बंध घेते व तापते. शिवाय केबल लावता-काढताना दाबाचे झटके बसण्याचा संभव असतो.

दोन्ही वाहनांच्या किल्ल्या बंद करून केबल पुढील क्रमाने जोडाव्यात. लाल केबलचे एक टोक मोटारसायकलच्या बॅटरीच्या धन, म्हणजे अधिक चिन्हाच्या, टर्मिनलास लावावे. तिचे दुसरे टोक ट्रॅक्टरच्या धन टर्मिनलास. नंतर काळ्या केबलचे एक टोक ट्रॅक्टरच्या ऋण टर्मिनलास लावावे आणि दुसरे, सर्वांत शेवटचे टोक, मोटारसायकलच्या इंजिनावरील रंग नसलेल्या धातूच्या भागाला, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटची जोडणी करताना बारीक ठिणगी पडते. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेणारा असल्याने आणि वर पेट्रोलची टाकी असल्याने ती ठिणगी तेथून दूर पडलेली बरी.

मोटारसायकलमध्ये आणखी एक दक्षता घ्यावी लागते. तिची दोन्ही टर्मिनले सीटखालच्या अरुंद जागेत जवळजवळ असतात आणि मोटारीच्या केबलचे चिमटे मोठे असतात. लाल चिमटा सांगाड्याला टेकला तर सरळ शॉर्ट होते. म्हणून चिमट्याभोवती कोरडे फडके किंवा रबराचा तुकडा ठेवावा. तारेच्या रंगावरही विसंबू नये. काही गाड्यांत ऋण तार काळी नसून हिरवी असते. बॅटरीवर उमटविलेले अधिक-उणे चिन्हच प्रमाण मानावे. चिन्हे उलटी जोडली गेली तर रेक्टिफायरमधील डायोड आणि ईसीयू यांतून उलट प्रवाह जातो. नशीब असले तर केवळ मुख्य फ्यूज जळतो, पण तसे घडेलच, याची हमी नाही.

जोडणी झाल्यावर दोन-तीन मिनिटे थांबावे. मग किल्ली चालू करून पंपाचा आवाज ऐकावा आणि पाच सेकंदांहून अधिक काळ बटण न दाबता सेल्फ मारावा. इंजिन सुरू झाल्यावर ते काही मिनिटे मंद चालू द्यावे आणि केबल उलट क्रमाने, म्हणजे इंजिनावरील काळे टोक प्रथम, याप्रमाणे काढाव्यात.

सर्वांत महाग पडणारी चूक

केबल नसल्यास रस्त्यावर एक तोड हमखास सुचविली जाते. शेजाऱ्याच्या गाडीतील चांगली बॅटरी काढावी, आपल्या गाडीत लावून इंजिन सुरू करावे आणि इंजिन चालू असतानाच ती काढून आपली उतरलेली बॅटरी परत बसवावी. जुन्या गाडीत हा प्रकार बहुधा पचून जाई. नव्या गाडीत तो घातक आहे, आणि का, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

बॅटरीचे काम केवळ सेल्फ फिरविणे एवढेच नाही. मॅग्नेटोची वीज इंजिनाच्या वेगाबरोबर कमी-अधिक होते. त्याच्या मोकळ्या तारांवर मोजले, तर अनेक मोटारसायकलींत मध्यम वेगासच दाब ५० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून वर गेलेला दिसतो. रेग्युलेटर-रेक्टिफायर हा भाग तो दाब सुमारे १४ व्होल्टवर आवरून धरतो आणि उरलेसुरले चढउतार बॅटरी गिळते. नळाची धार कमी-जास्त झाली तरी मधल्या हौदातून पाणी संथ वाहते, तसे हे आहे. इंजिन चालू असताना बॅटरी काढली की हौद नाहीसा होतो. ज्या क्षणी टर्मिनल सुटते, त्या क्षणी बॅटरीत जाणारा प्रवाह अकस्मात तुटतो आणि रेग्युलेटर सावरण्यापूर्वी दाब उसळी मारतो. ही उसळी सेकंदाच्या लहानशा अंशापुरतीच असते. दिव्याच्या जुन्या तारेला तिची जाणीवही होत नसे. ईसीयू आणि एलईडी दिव्यातील सूक्ष्म भागांना मात्र ती पुरेशी असते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर सदैव चालू राहतो. त्यामुळे तोही नेमका त्या वेळी या उसळीच्या तोंडी सापडतो.

चूक घडली हे पुष्कळदा तत्काळ कळत नाही. गाडी चालू राहते, पण मीटर वेडेवाकडे आकडे दाखविते, दिवा लुकलुकतो, इंजिनाच्या चिन्हाचा पिवळा दिवा विझत नाही, किंवा दुसऱ्या दिवशी गाडी सुरूच होत नाही. नवी बॅटरी घेण्यापेक्षा ईसीयू बदलणे कितीतरी महाग पडते. म्हणून इंजिन चालू असताना बॅटरीचे कोणतेही टर्मिनल सोडवू नये, हा नियम कधीही मोडू नये. इंजिन बंद असतानाही बॅटरी काढावयाची तर आधी किल्ली बंद करून ऋण तार प्रथम सोडवावी. बसविताना ती शेवटी जोडावी.

गाडी सुरू झाल्यानंतर

ट्रॅक्टरच्या आधाराने शिक्षकांची गाडी सुरू झाली आणि ते वेळेवर शाळेत पोहोचले. परंतु आठ किलोमीटरच्या प्रवासात बॅटरी भरली, असे मानणे चूक ठरले असते. शाळेत गाडी बंद केल्यावर संध्याकाळी पुन्हा तोच प्रसंग उभा राहू शकतो. रिकामी बॅटरी चार्जरवर भरणे हाच खरा उपाय. क्षमतेच्या एक-दशांश प्रवाह हे चार्जिंगचे सुरक्षित प्रमाण होय. ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीस अर्धा अँपिअर, आणि वेळ दहा-बारा तास. मोटारीचा मोठा चार्जर वापरून हे काम तासाभरात उरकण्याचा प्रयत्न केला तर बॅटरी तापते व तिचे आयुष्य घटते.

त्यानंतर गाडी सुरू करून, इंजिन मध्यम वेगात ठेवून, बॅटरीवर मल्टिमीटर लावून पाहावा. आकडा १३.५ ते १४.८ व्होल्टच्या दरम्यान असेल, तर चार्जिंगची यंत्रणा ठीक आहे. १३ च्या खालीच रेंगाळला तर मॅग्नेटो, रेग्युलेटर किंवा त्यांच्या तारा तपासून घ्याव्यात. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर दाब आवरत नाही असे समजून गाडी तशीच चालवू नये, कारण तोच वाढलेला दाब पुढे ईसीयूपर्यंत पोहोचतो. यंत्रणा ठीक असूनही पूर्ण भरलेली बॅटरी रात्रभरात उतरत असेल, तर बहुधा बॅटरीचेच आयुष्य संपले आहे.

आपल्या शिक्षकांच्या बाबतीत आकडा १४.१ आला. बॅटरी आणि यंत्रणा दोन्ही निर्दोष होत्या. दोष होता तो बावीस दिवसांच्या अखंड, बारीक गळतीचा. पुढील सुटीत बाहेरगावी जाताना त्यांनी किल्ली बंद केली, दहा नंबरच्या पान्याने ऋण तार सोडवून तिच्या टोकाला फडके गुंडाळले आणि मग घरास कुलूप लावले. चोरीचे यंत्र तेवढे दिवस मुके राहिले, म्हणून गाडी मात्र त्यांनी अंगणाऐवजी घरात ठेवली.